लेखापासून निवेदित व्हिडिओपर्यंत: शब्द, आवाज आणि तयार चित्रण

स्वरूप

लिखित लेखाचा किंवा अहवालाचा निवेदित व्हिडिओ करणे म्हणजे त्यातील प्रतिपादन आवाजात आणणे आणि त्या आवाजाला चित्रांची जोड देणे. ही चित्रे बहुधा स्वतः टिपलेली नसतात. पेक्सेल्स, पिक्साबे, शटरस्टॉक, गेटी इमेजेस यांसारख्या संग्रहांत कोणी तरी आधी टिपून ठेवलेल्या पाच-दहा सेकंदांच्या क्लिप असतात आणि परवान्याच्या अटी पाळून त्या वापरता येतात. हेच स्टॉक फुटेज. ते स्वस्तात आणि तत्काळ मिळते, पण कोणत्याही विशिष्ट विषयासाठी टिपलेले नसते. लेख मात्र नेहमी विशिष्ट गोष्टीबद्दल बोलतो. या कामातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका विसंगतीत आहे.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण घेतले आहे: महाराष्ट्रातील कठीण खडकांमधील भूजलावरचा सुमारे १,८०० शब्दांचा माहितीपर लेख आणि त्यावरून करायचा पाच मिनिटांचा व्हिडिओ.

कालमर्यादेचे गणित

शांत, स्पष्ट मराठी निवेदनाचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द असतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि इंग्रजी निवेदनाच्या तुलनेत एका मिनिटात कमी शब्द मावतात. वाक्यांमधले विराम आणि नकाशा पाहण्यासाठी सोडलेली शांतता धरली तर पाच मिनिटांत प्रत्यक्षात ५०० शब्दच बसतात. म्हणजे १,८०० शब्दांच्या लेखातील चतुर्थांशाहून थोडाच अधिक मजकूर टिकतो.

प्रत्येक परिच्छेद सारख्या प्रमाणात छाटून ही कपात साधत नाही. तसे केल्यास सर्व मुद्दे अर्धवट राहतात. लेखातील कार्यकारणाची एक साखळी निवडावी लागते आणि तिच्याबाहेरचे सर्व, कितीही चांगले असले तरी, मूळ लेखातच ठेवावे लागते. भूजलाच्या लेखात ही साखळी अशी आहे: खडक कठीण आहे, म्हणून त्यात पाणी साठवण्याची जागा कमी आहे, जागा कमी म्हणून विहीर पावसाळ्यात झपाट्याने भरते आणि उन्हाळा येईपर्यंत तितक्याच वेगाने खाली जाते. पाणीवापराच्या कायद्यांचा इतिहास, इतर राज्यांशी तुलना आणि तांत्रिक परिशिष्टे या साखळीत बसत नाहीत, म्हणून ती व्हिडिओत येत नाहीत.

कानासाठी पुनर्लेखन

वाचक वाक्य हरवले तर मागे जातो. श्रोता सहसा जात नाही. त्यामुळे लिखित वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवले की ते शुद्ध असूनही समजत नाही. लेखातील एक वाक्य पाहू: ‘महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे ८० टक्के क्षेत्र बेसॉल्ट या कठीण खडकाने व्यापलेले असून, या खडकात प्राथमिक सच्छिद्रता अत्यल्प असल्याने भूजलाचा साठा प्रामुख्याने विदारित व भेगाळ थरांपुरता मर्यादित राहतो.’ कागदावर हे वाक्य निर्दोष आहे. ऐकताना मात्र ‘मर्यादित राहतो’ येईपर्यंत नेमके काय मर्यादित राहते, हे लक्षात उरत नाही.

निवेदनात तेच असे होते: ‘महाराष्ट्राची बहुतेक जमीन एकाच खडकावर उभी आहे. काळा, कठीण बेसॉल्ट. या खडकात पाणी मुरायला जागा फार थोडी. ते राहतं ते दोनच ठिकाणी. वरच्या झिजलेल्या मुरमात, आणि खालच्या भेगांत.’ दोन्ही मजकुरांत शब्द २८च आहेत. पुनर्लेखनाने वाक्य आखूड झालेले नाही. माहिती कानाला पेलेल अशा पाच तुकड्यांत विभागली गेली आहे आणि प्रत्येक तुकड्यात एकच नवी गोष्ट आली आहे. ‘राहते’ऐवजी ‘राहतं’ हा बदलही हेतुपूर्वक आहे. अनुस्वाराचे बोलके रूप जिभेवर सहज येते. छापील रूप वाचताना निवेदकाचा सूर नकळत बातमीपत्राचा होतो.

आकड्यांना वेगळी वागणूक लागते. ऐकताना एका वाक्यात एकच आकडा टिकतो, आणि तोही गोल असला तर. मराठीची बोलकी संख्यापद्धती इथे फार उपयोगी पडते: ‘१.७५ मीटर’ हे ‘पावणेदोन मीटर’ म्हणून, ‘२.५ पट’ हे ‘अडीच पट’ म्हणून चटकन पोहोचते. वरील उदाहरणात ८० टक्के हा आकडा निवेदनातून पूर्ण काढून टाकला आहे. तो गमावलेला नाही. तो नकाशावर अक्षरांत दिसणार आहे. आवाज अर्थ सांगतो, पडदा परिमाण दाखवतो. ही वाटणी संहितेच्या टप्प्यावरच ठरवावी लागते, नंतर ती जमत नाही.

दोन रकान्यांची संहिता

या कामाची संहिता दोन रकान्यांत लिहितात. उजवीकडे निवेदनाचे वाक्य, डावीकडे त्या वेळी पडद्यावर काय असेल ते. वरच्या २८ शब्दांना विरामांसह सुमारे १७ सेकंद लागतात, आणि त्यांची विभागणी अशी होते. पहिल्या वाक्यावर चार सेकंद महाराष्ट्राचा नकाशा, बेसॉल्टचे क्षेत्र गडद रंगात आणि त्यावर ‘सुमारे ८० टक्के’. ‘काळा, कठीण बेसॉल्ट’ यावर तीन सेकंद सह्याद्रीच्या कड्याचे आडवे थर. ‘पाणी मुरायला जागा फार थोडी’ यावर चार सेकंद उघड्या कातळावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी. शेवटच्या दोन वाक्यांवर सहा सेकंद विहिरीचा उभा छेद दाखवणारी आकृती. ‘मुरमात’ म्हणताना वरचा थर उजळतो, ‘भेगांत’ म्हणताना खालच्या रेषा.

या चार दृश्यांपैकी स्टॉक फुटेजमधून दोनच मिळतात: कडा आणि वाहते पाणी. नकाशा आणि छेद स्वतः काढावे लागतात. हे प्रमाण अपवादात्मक नाही. लेख जितका नेमका, तितके त्याचे मध्यवर्ती मुद्दे संग्रहाबाहेर पडतात. डावा रकाना भरण्यापूर्वी क्लिप गोळा करण्यास सुरुवात केली तर ही गोष्ट फार उशिरा ध्यानात येते, आणि तोवर सुंदर पण निरुपयोगी क्लिपांचा ढीग जमलेला असतो.

आवाज आधी, चित्र नंतर

निवेदनाचे ध्वनिमुद्रण चित्रसंकलनाच्या आधी पूर्ण करतात. चित्राची लांबी कापून किंवा ताणून बदलता येते. बोललेल्या वाक्याची लांबी सूर न बिघडवता बदलता येत नाही. म्हणून टाइमलाइनचा कणा आवाज असतो. अंतिम मुद्रणापूर्वी मोबाइलवर केलेले कच्चे निवेदन टाइमलाइनवर ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. कोणते वाक्य श्वासाला जड आहे, कुठे आकृती समजण्यापूर्वी पुढचा मुद्दा येतो, हे त्यातच उघड होते.

मुद्रणासाठी मोठ्या उपकरणांपेक्षा खोलीची निवड अधिक निर्णायक असते. रिकाम्या भिंती आवाज परतवतात आणि निवेदन विहिरीतून आल्यासारखे घुमते. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, गादी, जाड पडदे हा आवाज शोषून घेतात. पंखा बंद असावा. मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूला असला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांबरोबर येणारा हवेचा झोत त्यावर आदळत नाही. कोणीही न बोलता खोलीची दहा-पंधरा सेकंदांची शांतता वेगळी मुद्रित करून ठेवतात. वाक्यांमधील जागा पूर्ण निःशब्द ठेवली तर प्रत्येक विरामात आवाज तुटल्यासारखा वाटतो. तिथे ही खोलीची शांतता भरली की जोड जाणवत नाही. पार्श्वसंगीत ठेवलेच तर ते निवेदनापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली असावे. माहितीच्या व्हिडिओत ते नसले तरी सहसा काही बिघडत नाही.

चित्र काय सांगते

या प्रक्रियेतील सर्वांत कठीण आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग हा आहे. प्रत्येक क्लिप स्वतःचे एक विधान करते. निवेदन बरोबर आणि चित्र चुकीचे असेल तर लक्षात चित्र राहते.

भूजलाचेच पाहू. संग्रहात भूजल या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला की चुनखडीच्या गुहांमधील निळी तळी आणि भूमिगत प्रवाह पुढे येतात. दिसायला ती मोहक असतात. पण बेसॉल्टमध्ये असे तळे किंवा नदी नसते. पाणी झिजलेल्या थरात आणि बारीक भेगांत असते. ‘जमिनीखाली वाहणाऱ्या नद्या’ हा गैरसमज ज्या लेखाने शब्दांत खोडला, तोच या एका क्लिपने पुन्हा पक्का होतो. विहीर शोधली तर लाकडी छपराची, रहाटाची युरोपीय विहीर येते. मराठवाड्यातील रुंद, खोल, खडक फोडून काढलेली शेतविहीर येत नाही. दुष्काळ शोधला तर तडे गेलेली चिखलाची जमीन दिसते. ती बहुतेक वेळा आटलेल्या तलावाचा किंवा धरणाचा तळ असते, शेत नव्हे. शब्दावरून आपोआप क्लिप लावणाऱ्या साधनांतून हीच गफलत मोठ्या प्रमाणावर होते, कारण जुळणी नामाशी होते, विधानाशी नाही.

म्हणून शोध नामाऐवजी दृश्य घटकांनी घ्यावा लागतो: कोणता खडक, कोणता ऋतू, कोणते पीक, कोणत्या उंचीवरून. भारत किंवा महाराष्ट्र हे शब्द जोडल्याने निकाल कमी होतात, पण सुधारतात. तरीही प्रत्येक क्लिप थांबवून तपासणे आवश्यक असते. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावत असतील तर ते भारत नाही. शेतात शंकूच्या आकाराच्या टोप्या असतील तर ती आग्नेय आशियातील भातशेती आहे. ज्वारीच्या उल्लेखावर मक्याचे शेत लावलेले असते, आणि कणसे येण्यापूर्वी दोन्ही पिके दुरून सारखीच दिसत असल्याने ही चूक शहरातील संकलकाला कळत नाही. शेतकरी प्रेक्षकाला मात्र पहिल्या क्षणी कळते, आणि त्यानंतरच्या आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

दृश्याची भूमिका कोणती, हेही ठरलेले हवे. काही दृश्ये केवळ वातावरण देतात: पावसाचे ढग, चालता पंप, शेतातली पायवाट. काही स्पष्टीकरण देतात: नकाशा, छेद, आलेख. काही पुरावा असतात: अमुक गावातील अमुक विहीर, मे महिन्यात. स्टॉक फुटेज पहिल्या कामाला उत्तम, दुसऱ्याला क्वचित आणि तिसऱ्याला कधीही चालत नाही. एखाद्या नामनिर्देशित गावाचे वर्णन चालू असताना भलत्याच ठिकाणची क्लिप दाखवणे ही सजावट राहत नाही, ती खोटी साक्ष होते. अशा ठिकाणी स्वतःचे छायाचित्र, अहवालातील तक्ता किंवा साधा नकाशा वापरावा. तेही शक्य नसेल तर कोपऱ्यात ‘प्रातिनिधिक दृश्य’ असे लिहावे.

परवाने

‘रॉयल्टी-फ्री’ याचा अर्थ विनामूल्य असा नाही. एकदा शुल्क भरल्यावर प्रत्येक वापरासाठी वेगळे मानधन द्यावे लागत नाही, एवढाच आहे. पेक्सेल्स आणि पिक्साबेवरील चित्रण विनामूल्य वापरता येते व श्रेय देणे बंधनकारक नसते, पण ओळखू येणाऱ्या व्यक्तींना आक्षेपार्ह किंवा बदनामीकारक प्रकाशात दाखवण्यास मनाई असते. ही अट माहितीच्या व्हिडिओत सहज मोडली जाते: ‘बेसुमार उपसा करणारे शेतकरी’ या वाक्यावर एखाद्या अनोळखी शेतकऱ्याचा जवळून घेतलेला चेहरा लावला की त्या माणसावर आरोप होतो. तिथे हात, पंप किंवा पाठमोरी आकृती पुरेशी असते. ‘केवळ संपादकीय वापर’ अशी नोंद असलेल्या क्लिप जाहिरातीत किंवा प्रायोजित व्हिडिओत वापरता येत नाहीत.

मूळ लेखाचा हक्क वेगळाच आहे. १९५७च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार साहित्यकृतीवरून चलचित्र किंवा ध्वनिमुद्रण करण्याचा अधिकार प्रताधिकारधारकाचा असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या लेखावरून व्हिडिओ करताना लेखी परवानगी लागते. प्रत्येक क्लिपचे पान, परवान्याची प्रत आणि उतरवून घेतल्याची तारीख एका तक्त्यात नोंदवलेली असावी. क्लिप संग्रहातून पुढे काढून टाकली गेली तर हाच आधार उरतो.

संकलन

पाच मिनिटांच्या व्हिडिओत दृश्याची सरासरी लांबी पाच सेकंद धरली तर सुमारे ६० दृश्ये लागतात. वातावरणाची क्लिप तीन-चार सेकंदांत आपले काम संपवते. आकृतीला मात्र आठ-दहा सेकंदही कमी पडू शकतात. सर्व दृश्ये एकाच लांबीची ठेवली की आकृत्या निसटतात आणि ढग रेंगाळतात. कट वाक्याच्या शेवटी ठेवण्यापेक्षा अर्थ वळतो त्या शब्दावर ठेवणे परिणामकारक असते, आणि चित्र शब्दाच्या किंचित आधी यावे. उशिरा आलेले चित्र चूक वाटते.

निरनिराळ्या संग्रहांतील क्लिपांचा फ्रेमदर वेगळा असतो: २४, २५, ३० किंवा ६०. प्रकल्प २५चा आणि क्लिप ३०ची असेल तर सेकंदाला पाच फ्रेम गळतात. स्थिर दृश्यात हे कळत नाही. कॅमेरा आडवा फिरत असेल तर क्षितिज अडखळत सरकताना दिसते. अधिकाधिक क्लिप ज्या दराच्या आहेत तोच दर प्रकल्पासाठी निवडला की हा दोष बराच कमी होतो. रंगांचीही तीच गोष्ट. एका क्लिपमध्ये निळसर ढग आणि पुढच्यात पिवळे ऊन असेल तर त्या एकाच दिवसाच्या वाटत नाहीत. डाविंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीतही रंगजुळणीची पुरेशी साधने आहेत.

उपशीर्षके आणि देवनागरी

अनेक प्रेक्षक मोबाइलवर आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात, त्यामुळे उपशीर्षके आवश्यक ठरतात. त्यांची सर्वांत साधी फाइल एसआरटी स्वरूपाची असते: क्रमांक, वेळ, मजकूर आणि एक रिकामी ओळ. सेकंद आणि सहस्रांश यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो. तिथे पूर्णविराम दिल्यास काही खेळवणारी साधने ती ओळ वाचत नाहीत.

```
7
00:00:42,000 --> 00:00:45,500
महाराष्ट्राची बहुतेक जमीन
एकाच खडकावर उभी आहे.

8
00:00:46,000 --> 00:00:48,500
काळा, कठीण बेसॉल्ट.
```

फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवावी, अन्यथा देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. जुने मराठी अहवाल युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले असतात. त्यांतील मजकूर थेट चिकटवला तरी असाच गोंधळ होतो आणि आधी रूपांतरण करावे लागते. पडद्यावरील अक्षरांची चाचणी घेण्यासाठी ‘मांजऱ्या’ हा शब्द सोयीचा आहे. पोकळ्या खनिजांनी भरलेल्या बेसॉल्टला हे नाव आहे. संकलनाच्या साधनाला देवनागरी नीट येत नसेल तर त्यातील ‘ऱ्या’ तुटतो आणि अक्षरांच्या मधोमध हलन्त उभा राहतो. ‘विहिरी’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे उडी घेत असतील, तरीही दोष तोच. साधन बदलणे किंवा शीर्षके चित्र म्हणून बाहेरून तयार करून आणणे, हे त्यावरचे दोन उपाय आहेत.

मर्यादा

ज्या लेखाचा युक्तिवाद तक्त्यांच्या सूक्ष्म तुलनेवर उभा आहे, किंवा ज्यात प्रत्येक विधानाला अटी आणि अपवाद जोडलेले आहेत, तो या रूपात टिकत नाही. ‘बहुधा’, ‘काही जिल्ह्यांत’, ‘मोजणीच्या मर्यादेत’ असे शब्द निवेदनातून सर्वप्रथम गळतात, आणि ते गळले की विधान खोटे होते. तयार संहिता मूळ लेखाशेजारी ठेवून फक्त असे शब्द तपासणारी एक स्वतंत्र फेरी घ्यावी लागते. शक्यतो ती लेखकानेच घ्यावी.

दुसरी मर्यादा दुरुस्तीची. लेखातील आकडा बदलणे क्षणाचे काम आहे. यूट्यूबवर मात्र एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलून टाकता येत नाही. तो छाटता येतो किंवा वर्णनात दुरुस्तीची टीप देता येते, एवढेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी दरवर्षी नव्याने मोजते, म्हणजे पातळीचे आकडे वर्षभरात जुने होणारच. असे आकडे मुख्य निवेदनात गुंफण्याऐवजी वर्षाच्या उल्लेखासह वेगळ्या वाक्यात आणि वेगळ्या आकृतीत ठेवतात, त्या वाक्याच्या आधी-नंतर पूर्ण विराम सोडतात आणि प्रकल्पाची मूळ फाइल, कच्चे ध्वनिमुद्रण व खोलीची शांतता जपून ठेवतात. मग पुढील वर्षीच्या आवृत्तीसाठी तेवढे एक वाक्य त्याच खोलीत, त्याच मायक्रोफोनवर पुन्हा मुद्रित केले आणि एक आकृती बदलली की बाकीची टाइमलाइन तशीच वापरता येते.